कीबोर्डची फळी

उकंडराव सुतार सामान घ्यायला आला की खामगावचा पुंजाजी शेटजी गल्ल्यावरून उठून आत जायचा आणि नोकराला म्हणायचा, "जाय बाप्पा, त्याले सारं दाखव, मले आज डोकं नाई." उकंडरावाची खोडच तशी होती. साधी कडी घ्यायची तरी तो दहा कड्या हातात खेळवून बघणार, कानाजवळ हलवणार, काउंटरवर आपटून आवाज ऐकणार, आणि शेवटी पहिली पाहिलेलीच घेणार. पण त्या दिवशी पुंजाजीला आत जाता आलं नाही, कारण उकंडरावाबरोबर त्याची मुलगी कांचन आली होती, आणि मुलीचं लग्न ठरल्याचं अमडापूरपासून खामगावपर्यंत सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

"अभिनंदन हो, उकंडराव. आता काय, अलमारीचं सामान न्याचं असन?"

"अलमारी नाई," उकंडराव म्हणाला. "पोरीले कॉम्प्युटरचा टेबल देतो आंदणात."

पुंजाजीनं कांचनकडे पाहिलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि तालुक्याच्या गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, पण आंदणात टेबल द्यायची रीत काही अजून निघाली नव्हती. कांचन लाजली नाही. चिखलीच्या एका क्लासात ती शिकली होती आणि मग तिथंच शिकवायला लागली होती. टायपिंगची कामं घेऊन घेऊन पैसे साठवले आणि एक वापरलेला कॉम्प्युटर तिनं स्वतःच्या जिवावर घेतला होता. लग्नाच्या बैठकीत तिनं एकच गोष्ट मागितली होती, तीही बापाच्या तोंडून. लग्नानंतर घरी बसून टायपिंगचं काम करू द्यावं. पिंपळगाव राजाचे व्याही हिंमतराव, चांगले भाजीपाल्याचे बागायतदार, मोठ्या मनानं म्हणाले होते, "घरात बसून करते तं काय हरकत आहे? करू द्या." तेवढ्या एका शब्दावर उकंडराव हुरळून गेला होता.

"मग दाखवा चॅनल," तो म्हणाला.

पुंजाजीनं आधी पांढऱ्या चाकांचे चॅनल काढले, खण आतबाहेर सरकतात त्या पट्ट्या. उकंडरावानं एक पुरा बाहेर ओढला, टोकाशी अंगठा ठेवून दाबला. पट्टी खाली झुकली आणि चाक खट्‌ करून उडालं. मग बेअरिंगचे काढले, पण पातळ पत्र्याचे. ते झुकले नाहीत, पण टोकाला धरून हलवले की आत गोळ्या खुळखुळायच्या.

"हे खणाले चालते," उकंडराव म्हणाला. "खणाचं वजन आत राह्यते, आपण ओढतो, काढतो, बंद करतो. कीबोर्डची फळी येगळी. थे दिवसभर बाहेर राह्यते आन्‌ टोकावर माणसाचे दोन्ही हात टेकलेले. चॅनल तिथंच झुकला तं पोरीचे मनगट जातीन."

"बाबा, कीबोर्ड ठेवाचा आहे," कांचन हसत म्हणाली, "बैल नाई बांधाचा."

पुंजाजी हसला, नोकर हसला, उकंडरावही हसला, पण चॅनल मात्र त्यानं जाड पत्र्याचा भारीतलाच काढायला लावला. तो पुरा उघडून आडवा धरला, टोक खाली-वर करून पाहिलं, डोळे मिटून पुन्हा पुन्हा आतबाहेर केला. आवाज नव्हता. शेवटाला नुसता एक मऊ धक्का लागायचा. "घे," तो मुलीला म्हणाला, "तू ओढून पाह्य." कांचननं ओढून पाहिला आणि तिचंही हसू थांबलं, कारण ते खरंच हाताला गोड लागत होतं.

वायरी काढायच्या भोकाला लावायच्या प्लॅस्टिकच्या गोल टोप्याही त्यानं तशाच निवडल्या. चिमटीत दाबल्यावर जिचा काठ चरचरला ती बाजूला. जिचं झाकण बोटानं फिरवल्यावर जागच्या जागी घट्ट फिरेल आणि वायरीपुरतीच खाच उघडी ठेवील ती हवी. एक वरच्या फळीला मॉनिटरच्या मागं, एक पाठीमागच्या फळीला, कीबोर्डची वायर जायला. तिथं वायर सैल सोडायची, नाहीतर फळी बाहेर ओढली की ती ताणते आणि एक दिवस उपटून येते. हे कांचननं त्याला सांगितलं आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं.

सर्वांत जास्त वेळ गेला बिजागऱ्यांना. उकंडरावाच्या मनात टेबल असा होता: बंद असताना तो साधा लिहायचा टेबल दिसावा, समोर एक खण असल्यासारखा. पण खणाची ती दर्शनी पट्टी म्हणजे फळीच्या पुढच्या काठाला बिजागऱ्यांनी जोडलेली झडप असणार. फळी बाहेर ओढायची, झडप पुढं पाडायची, की ती फळीच्या पातळीला सपाट होऊन बसते आणि मनगट टेकायला जागा होते. काम संपलं की झडप उभी करायची, फळी आत ढकलायची. एकत्र कुटुंबात नव्या सुनेची खोली केवढी असणार? टेबल लहान हवा, पसारा झाकणारा हवा, आल्यागेल्याला सभ्य दिसणारा हवा.

"बिजागरी वरच्या अंगाला येते," तो पुंजाजीला समजावत होता. "झडप पाडली की दोन फळ्यांचे काठ एकमेकांले भिडतात, म्हणून थे खाली जात नाई. पण हात टेकला की बिजागरीचे स्क्रू वर उपटाले पाह्यतात. म्हणून पितळी पाह्यजे, पिन घट्ट पाह्यजे, आन्‌ स्क्रू लांब."

शेवटी कुलूप. कांचन म्हणाली, "कुलूप कायले, बाबा?" उकंडरावाचं म्हणणं, घरात लेकरं, भाजीच्या तोडणीला येणाऱ्या बायका, त्यांची लेकरं, कोणी बटणं उपटली तर? पुंजाजीनं खणाचं हलकं कुलूप दिलं. उकंडरावानं किल्ली फिरवली आणि कुलपाची बाहेर आलेली जीभ बोटानं मागं ढकलली. ढकलली गेली. त्यानं ते परत केलं आणि लोखंडी कपाटाला शोभेल असं जाड जिभेचं कुलूप घेतलं. त्याच्याबरोबर दोन किल्ल्या होत्या.

टेबल त्यानं मन लावून केला. कांचनला आपल्या खुर्चीवर बसवून, कोपरं अंगाला लावून, हात सरळ पुढं धरायला लावून फळीची उंची घेतली. उंदीर वायरी खातात म्हणून खालून तळफळी घातली, ती खिळ्यांनी आणि फेविकॉलनं कायमची बसवली. झडप बंद झाली की एकही स्क्रू बाहेरून दिसत नव्हता. बायको रुखमाबाई कौतुकानं म्हणाली, "चोराच्या बापाले उघडणार नाई." उकंडराव खूश झाला.

लग्नात रुखवत मांडलं तेव्हा बायका भांडी, करंज्या-अनारशांची ताटं, विणलेले रुमाल सोडून टेबलाभोवती गोळा झाल्या. उकंडराव पुन्हा पुन्हा झडप पाडून दाखवत होता. पाठवणीच्या वेळी आंदणाच्या सामानाच्या किल्ल्या द्यायची वेळ आली. लाल दोऱ्यात ओवलेल्या दोन्ही किल्ल्या त्यानं हातात घेतल्या तेव्हा रुखमाबाईनं त्याची बाही ओढली.

"एक पोरीजवळ राहू द्या."

"गप्प बस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चार माणसांत दोन चाब्या येगळ्या कराच्या? इहीनबाईले काय वाटन? म्हणतीन, आतापासूनच अविश्वास."

आणि त्यानं दोन्ही किल्ल्या, वर हळदकुंकू लावून, विहीणबाईंच्या, केसरबाईंच्या ओंजळीत ठेवल्या. मोठ्या घरी मुलगी दिली होती, मान राखायला हवा होता. केसरबाईंनी त्या कमरेच्या जुडग्यात अडकवल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं.

त्यानंतर उकंडराव मुलीच्या घरी गेला नाही. लेकरू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही त्याच्या घरची रीत होती, आणि पाणी प्यायचं नाही तर उगाच जाऊन यजमानांना अवघडून टाकायचं कशाला, असा त्याचा विचार. दिवाळीला कांचन आली. तब्येत बरी होती, अंगावर चांगली साडी होती. उकंडरावानं पहिला प्रश्न विचारला तो टेबलाचा. "फळी अडत तं नाई ना?"

"नाई, बाबा."

"झडप?"

"झडपही नाई," असं म्हणून ती आईकडे चुलीपाशी गेली. उकंडरावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. रुखमाबाईला दिसलं असेल, पण तिनं विचारलं तेव्हा कांचन म्हणाली, "माय, सारे चांगले आहेत तिथं," आणि तेही काही खोटं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चिखलीच्या बाजारात क्लासच्या बाई उकंडरावाला भेटल्या. त्यांनी कांचनसाठी दोनदा काम पाठवलं होतं, एका पतसंस्थेचा अहवाल आणि एका मास्तरांचं पुस्तक. दोन्हींचे कागद तसेच परत आले. "तिला सांगा," बाई म्हणाल्या, "आता एक मोठं काम आलंय, वर्षभर पुरेल असं. हेही परत आलं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. माझा नाइलाज आहे."

घरी येताना सगळ्या वाटेनं उकंडरावाच्या डोक्यात एकच. पावसाळ्यात प्लाय फुगला. फळी अडकली. आपण बाजूला हवा, म्हणजे सरकायला फट, ठेवली ती कमी पडली. पोर भिडस्त, बापाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं पिशवीत रंधा, पेचकस, तेलाची कुपी आणि प्यायच्या पाण्याची बाटली टाकली आणि बस धरली. सुताराला आधी लाकडाचा दोष आठवतो.

केसरबाईंनी त्याचं स्वागत अगदी मनापासून केलं. ओसरीवर सतरंजी घातली. पाणी पिणार नाही हे माहीत असल्यामुळं आग्रह केला नाही, पण पंखा लावला. हिंमतराव आणि जावई मळ्यात होते. आत कांचनच्या बांगड्यांचा आवाज येत होता, ती भाकरी थापत होती.

"इहीनबाई, टेबलाची फळी अडते वाट्टे. तेल देऊन, जराशी घासून जातो."

"अडते?" केसरबाईंना नवल वाटलं. "मले तं काही म्हटलं नाई कोणी. थांबा, चाबी देतो."

त्यांनी कमरेचा जुडगा सोडला. त्यात कोठीची, कपाटाची, देव्हाऱ्याच्या पेटीची किल्ली होती, आणि लाल दोऱ्यातल्या त्या दोन. दोरा अजून लालच्या लाल होता. उकंडरावानं हात पुढं केला आणि जुडगा घेतला.

"तुमच्यापाशी राह्यते का चाबी?"

"मंग? घराच्या साऱ्या माझ्यापाशीच राह्यतात." केसरबाईंच्या बोलण्यात कडूपणाचा लवलेश नव्हता. "आता पाहा इवाईबुवा, घरात दहा माणसं येतात-जातात. नवी सून दार लोटून मशीनपुढं बसली तं चांगलं दिसते का? आधी घराचं वळण पडू द्या. पोर गुणी आहे, एका शब्दानं उलटून बोलली नाई. पुढं आहेच की सारं आयुष्य."

उकंडराव जुडगा घेऊन उठला. त्याच्याजवळ होतं काय? बैठकीतला हिंमतरावांचा एक शब्द होता, आणि तो शब्द केसरबाईंनी काही मोडला नव्हता. नको असं कोणी म्हणालंच नव्हतं.

खोलीत टेबल भिंतीला लागून उभा होता. स्वच्छ पुसलेला. मॉनिटरवर विणलेला रुमाल, रुमालावर हळदीकुंकवाची कोयरी. उकंडरावानं खाली बसून किल्ली फिरवली. जाड जीभ टक्‌ करून खाली आली. त्यानं फळी ओढली.

फळी पाण्यावरून यावी तशी बाहेर आली. प्लाय फुगला नव्हता, हवा बरोबर होती, कुठं खरचटलं नव्हतं. त्यानं झडप पाडली, काठाला काठ भिडला. मग त्यानं सवयीनं चॅनलच्या आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं. रोज फळी ओढली की गोळ्यांची वाट पट्टीवर चमकायला लागते, कडेला काळपट वंगण जमतं. इथं कारखान्याचं तेल तसंच होतं, पिवळट, चिकट. वाट पडलीच नव्हती. बिजागरीच्या पितळेवर बोटाचा डाग नव्हता. कीबोर्डवर रुखवतातला कागद अजून होता, त्यावर त्याच्याच हातानं ओढलेलं स्वस्तिक. वायर सैल सोडून बांधली होती, ती गाठही त्याचीच. लग्नाच्या दिवशी दाखवायला त्यानं जितक्यांदा ही फळी उघडली, तितक्यांदाच ती उघडली होती.

चॅनल त्यानं दुकानात पुरा बाहेर ओढून, टोकावर भार देऊन पाहिला होता. कुलपाची जीभ ढकलून पाहिली होती. आणि मुलगी ज्या घरात द्यायची ते घर एका दुपारी, चहा पिऊन, एका बऱ्या शब्दावर हो म्हणून आला होता. त्या घराच्या टोकावर आपल्या मुलीचा भार टाकून बघायचं त्याला सुचलं नाही. उकंडरावाला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

कांचन दारात उभी होती. हात पिठाचे. फळी उघडी दिसली तशी ती आत आली, पदराला हात पुसले आणि कागद बाजूला करून बोटं बटणांवर ठेवली. दाबली नाहीत. मनगटं झडपेवर टेकली. उंची बरोबर होती.

"पोरी," उकंडराव कुजबुजला, "बाईकडे मोठं काम आलं आहे. वर्षभराचं." त्यानं घाईघाईनं जुडग्यातला लाल दोरा सोडायला घेतला. "हे एक चाबी तू ठेव. लपवून ठेव. दुपारी सारे मळ्यात जातात तवा…"

"नका, बाबा."

"काऊन नका?"

"दोऱ्यात एकच चाबी दिसन. थे रोज रात्री जुडगा उशाशी ठेवतात, हाताखालून सारं जाते." ती हळू बोलत होती, पण आवाज स्थिर होता. "मागाची असती तं मी मागतली असती. चोरून उघडलं तं मंग साऱ्याच गोष्टी चोरून कराव्या लागतीन. मले जमणार नाई."

"मंग मी बोलतो इहीनबाईशी. इवाईबुवाशी बोलतो."

"काय बोलसान? तुम्हीच तं त्यायच्या हातात देल्ल्या, बाबा. चार माणसांत."

ती हे रागानं म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "झालं का तेल देऊन?" ओसरीवरून केसरबाईंची हाक आली. कांचननं बोटं उचलली, कागद जागच्या जागी घातला, स्वस्तिक सरळ केलं आणि ती चुलीकडे गेली, कारण तव्यावर भाकरी होती.

उकंडरावाला वाटलं, पिशवीत पेचकस आहे. कुलूपच काढून घेऊन जावं. झडप उघडी आहे तोवर चार स्क्रू, काही वेळ लागत नाही. मग वाटलं, मी बसमध्ये बसेन आणि इथं विचारणार कोणाला? पोरीला. त्यानं पेचकसाला हात लावला आणि हात मागं घेतला. झडप उभी केली. फळी आत ढकलली, शेवटाला तो मऊ धक्का लागला. किल्ली फिरवली. लाल दोऱ्याला पहिल्यासारखी गाठ मारली.

आयुष्यभराची सवय. कुलूप लावलं की ओढून बघायचं. त्यानं झडप धरून ओढली. मग जरा जोरानं ओढली. नंतर दोन्ही हातांनी, टेबलाच्या पायाला गुडघा लावून ओढली. काहीच हललं नाही. माल चांगला होता आणि काम त्याचंच होतं.

जुडगा त्यानं केसरबाईंच्या हातात दिला. "आता अडत नाई ना?" त्यांनी काळजीनं विचारलं. "नाई," उकंडराव म्हणाला, आणि नमस्कार करून निघाला.

अमडापूरला पोचला तेव्हा रुखमाबाई दारातच होती. त्यानं पिशवी ठेवली, पायांवर पाणी घेतलं, खाटेवर बसला. ती समोर येऊन उभी राहिली.

"कशी आहे पोरगी?"

उकंडरावानं पिशवीतली तेलाची भरलेली कुपी बाहेर काढली.

"चॅनलवर अजून कारखान्याचं तेल आहे," तो म्हणाला. "जसंच्या तसं."

रुखमाबाईनं सारा जन्म सुताराच्या घरात काढला होता. तिला याच्यापुढं काही विचारावं लागलं नाही. ती खाली बसली, तोंडाला पदर लावला, आणि मुलीची पाठवणी झाली त्या दिवशी जेवढी रडली नव्हती तेवढी रडली.